वाढदिवसाच्या भेटींचं कॅप्शन: गट वर्षांचे नकोत, वाढदिवसांचे करा

प्रश्न: आमच्या खेळण्यांच्या दुकानाने वाढदिवसाच्या भेटींची वयानुसार यादी केली आहे. ०–२, २–५, ५–८ आणि ८+ असे गट पाडलेत. आता फोटोखाली कॅप्शन लिहायचं आहे. त्यात सुरक्षेची चिन्हं आणि किमतीचे टप्पे कसे बसवू, म्हणजे ते लांबणार नाही आणि चुकीचंही काही सांगितलं जाणार नाही?

उत्तर:

लिहायला बसण्याआधी तुमचा दुसरा गट मोडा. २–५ हा गट तीन वर्षांच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभा आहे, आणि खेळण्यांच्या सुरक्षेत त्या रेषेइतकी महत्त्वाची दुसरी रेषा नाही. या गटात मणी ओवायचा संच किंवा बारीक ठोकळ्यांचा डबा असला, तर दोन वर्षांच्या भाच्यासाठी भेट शोधणाऱ्या मामाला तुमचं कॅप्शन सांगतं की हे चालेल. डब्यावर मात्र नेमकं उलट छापलेलं असतं. चिन्हं आणि किमती पुढे कितीही नीट लिहिल्या तरी ही चूक त्यांनी झाकली जात नाही.

रेषा तीनवरच का, हे कॅप्शन लिहिणाऱ्याला ठाऊक असावं. मग कोणती वस्तू कुठे बसवायची ते पाठ करावं लागत नाही. तीन वर्षांच्या आतलं मूल हाती आलेली वस्तू तोंडात घालून ओळखतं. त्याची श्वासनलिका अरुंद असते आणि अडकलेली वस्तू खोकून बाहेर टाकण्याची ताकदही कमी असते. म्हणून खेळणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत एक छोटं नळकांडं वापरतात. त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो आणि तळ तिरका, त्यामुळे खोली एका बाजूला २५.४ तर दुसऱ्या बाजूला ५७.१ मिलिमीटर भरते. खेळणं किंवा त्याचा निघालेला तुकडा न दाबता त्यात पूर्ण मावला, तर तो 'लहान भाग' ठरतो. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यात असा भाग सुरुवातीपासून सुटा असून चालत नाही, आणि आपटल्यावर, पिळल्यावर किंवा ओढल्यावर निघूनही चालत नाही. आंतरराष्ट्रीय मानक असो, युरोपचं असो की अमेरिकेचं, हे नळकांडं सगळीकडे सारखंच आहे. चेंडूला मात्र याहून कडक माप लावतात, कारण गोल वस्तू घसा पुरता बंद करते. ४४.५ मिलिमीटरच्या आसपास व्यासाच्या भोकातून जो चेंडू आरपार जातो, तो या वयाला वर्ज्य.

आता मराठीतली एक खास अडचण. डब्यावरचं '३+' म्हणजे ३६ महिने पूर्ण. आपल्या बोलण्यात मात्र वय दोन तऱ्हांनी सांगतात. "तिसरं लागलं" म्हणजे दोन पूर्ण झाली आणि तिसरं वर्ष चालू आहे. कॅप्शनमध्ये 'वय ३' किंवा 'तिसऱ्या वर्षापासून' असं लिहिलं की निम्मे वाचक एक अर्थ घेतात आणि निम्मे दुसरा. दोन अर्थांमध्ये पूर्ण एक वर्षाचं अंतर पडतं, तेही नेमकं धोक्याच्या वर्षाचं.

माझ्या हातून हे घडलेलं आहे. मी ज्या दुकानासाठी लिहीत असे, तिथे एकदा 'वर्ष तिसरं ते पाचवं' अशी ओळ टाकली होती. खाली मोठ्या लाकडी मण्यांचा संच होता. मणी मोठे होते, पण सोबत दोरीच्या टोकाला लावायच्या छोटे गाठमणी होते. एक आजोबा नातीच्या दुसऱ्या वाढदिवसासाठी तो संच घेऊन गेले. "हिला तिसरं लागतंय ना आता," असं त्यांनी काउंटरवर सांगितलंही होतं, आणि कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही. मुलीच्या आईने डबा उघडण्याआधी मागची बाजू वाचली म्हणून संच परत आला. आजोबांची काहीच चूक नव्हती. माझी ओळ त्यांनी बरोबर वाचली होती, ती लिहितानाच चुकली होती.

तेव्हापासून मी वयाचे गट आकड्यांत न लिहिता वाढदिवसांत लिहितो. 'तिसरा वाढदिवस' म्हटलं की तीन वर्षं पूर्ण झाली, यात कोणाचाही गोंधळ होत नाही. शिवाय ही यादी वाढदिवसाच्या भेटींचीच आहे, त्यामुळे घेणाऱ्याला कितवा वाढदिवस हे पक्कं माहीत असतं. गट असे पाडा: पहिला-दुसरा वाढदिवस, तिसरा ते पाचवा, सहावा-सातवा, आठवा आणि पुढे. या गटांच्या सीमा मी मनाने ठरवलेल्या नाहीत. अमेरिकेच्या नियमात लहान भाग असलेल्या खेळण्यांवरची घशात अडकण्याची सूचना तीन ते सहा वर्षांच्या खेळण्यांसाठी सक्तीची आहे. आठ वर्षांखालच्या खेळण्यांना धारदार कडा आणि टोकं यांची चाचणी लागू होते. फुग्यांच्या पाकिटावरची सूचनाही आठ वर्षांखालच्या मुलांसाठीच असते, कारण न फुगवलेला किंवा फुटलेला फुगा त्यांच्या घशात चिकटून बसू शकतो. म्हणजे तीन, सहा आणि आठ या तिन्ही ठिकाणी डब्यावरची भाषा बदलते. तुमचा ५–८ हा गट सहाची रेषा पोटात घेतो. ते २–५ इतकं वाईट नाही, पण बदलायला काही खर्च नाही, तेव्हा बदलूनच टाका.

चिन्हांकडे वळू. डब्यावर तीन वेगळ्या गोष्टी छापलेल्या असतात आणि दुकानदार बहुधा त्या तिन्हींना एकच 'सेफ्टी लेबल' म्हणतात. पहिली म्हणजे शिफारस केलेलं वय. दुसरी धोक्याची सूचना, आणि तिसरी मानकाचं चिन्ह. कॅप्शनमध्ये या तिघांची जागा वेगवेगळी आहे.

शिफारस केलेलं वय ठरवताना मुलाची समज, हातांची पकड आणि सुरक्षा हे सगळं धरलेलं असतं. "आमचा चिरंजीव हुशार आहे, त्याला पुढच्या वयाचं द्या," असं म्हणणारे पालक रोज भेटतात. पाच वर्षांच्या हुशार मुलाला सहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांचं चित्रकोडं दिलं तर बिघडत नाही. दोन वर्षांच्या हुशार मुलाचा घसा मात्र दोन वर्षांच्याच मुलाचा असतो. म्हणून वरच्या गटांत थोडी मोकळीक चालते, तीनच्या रेषेवर अजिबात नाही.

धोक्याची सूचना म्हणजे लाल वर्तुळात '०-३', शेजारी मुलाचा चेहरा आणि त्यावर तिरकी लाल रेघ, किंवा '३६ महिन्यांखालील मुलांसाठी योग्य नाही' असं वाक्य. युरोपच्या नियमानुसार त्यासोबत कारणही द्यावं लागतं: लहान भाग, लांब दोरी, जे असेल ते. कॅप्शनमध्ये हे कारण अवश्य उचला. नुसतं '३+' वाचून लोकांना वाटतं की लहान मुलाला ते समजणार नाही एवढंच. 'लहान भाग आहेत' असं वाचलं की ते थांबतात. सूचना त्या वस्तूच्या ओळीतच असू द्या. शेवटी तारांकन करून टाकलेली सूचना कोणी वाचत नाही, आणि वस्तूंची ओळ कोणी वेगळी उचलून पुढे पाठवली की ती मागेच राहते. विक्री ऑनलाइन होत असेल तर युरोप आणि अमेरिकेत अशा सूचना खरेदीच्या आधी ग्राहकाला दिसायलाच हव्यात असा नियम आहे. घरी डबा उघडल्यावर दिसली तर त्या सूचनेचा उपयोग काय?

इथे एक जागा अशी आहे जिथे अनुभवी माणसंही फसतात. कधीकधी खुळखुळ्यावर, दात शिवशिवताना चावायच्या कड्यावर किंवा मऊ कापडी बाहुलीवर 'तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही' ही सूचना दिसते. खेळणं उघडउघड तान्ह्या बाळाचं आहे आणि सूचना त्याच्या विरुद्ध आहे. याचा अर्थ बहुतेक वेळा असा की बनवणाऱ्याने लहान मुलांच्या खेळण्याची कडक चाचणी टाळण्यासाठी ती छापली आहे. युरोपच्या नियमात असा वापर स्पष्टपणे नाकारलेला आहे: सूचना खेळण्याच्या खऱ्या वापराशी विसंगत असता कामा नये. अशी वस्तू वरच्या गटात सरकवून प्रश्न सुटत नाही, कारण खुळखुळा चार वर्षांच्या मुलाला कोण देणार? ती यादीतूनच काढा, आणि जमलं तर शेल्फवरूनही.

मानकाचं चिन्ह ज्या देशात विक्री होते त्याप्रमाणे बदलतं. भारतात २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली परवाना क्रमांक असतो, आणि तो बीआयएस केअर या ॲपवर तपासता येतो. युरोपात सीई असतं. ते सरकारने दिलेलं प्रशस्तिपत्र नव्हे. खेळणं नियमांना धरून आहे असं बनवणारा स्वतःच्या जबाबदारीवर जाहीर करतो आणि चिन्ह लावतो. अमेरिकेत खेळण्यांसाठी असं एकच सरकारी चिन्ह नाही, तिथे एफ९६३ हे मानक सक्तीचं आहे. म्हणून कॅप्शनमध्ये 'शंभर टक्के सुरक्षित' किंवा 'सरकारमान्य खेळणी' असं कधीही लिहू नका. चिन्ह त्या बनवणाऱ्याच्या त्या खेळण्याचं असतं. ते तुमच्या दुकानाचं होत नाही आणि शेजारच्या खेळण्याला उसनंही देता येत नाही. 'नॉन-टॉक्सिक' या शब्दालाही चिन्ह समजू नका. तो बनवणाऱ्याचा दावा आहे, त्यामागे कोणतं मानक आहे हे डब्यावर दिसलं तरच त्याला वजन. तुम्ही खात्रीने एवढंच सांगू शकता की डब्यावर अमुक चिन्ह छापलेलं आहे, आणि घेताना ते पाहून घ्या. साधं वाक्य आहे, पण ते खरं असतं, आणि ग्राहकाला डबा उलटून पाहायची सवय लावतं.

किमतीचे टप्पे. ते गोल आकड्यांवर पाडायचा मोह होतो आणि तिथेच घोटाळा सुरू होतो. तुमच्या यादीतल्या वस्तू किमतीच्या चढत्या क्रमाने लिहा आणि मोठी फट कुठे पडते ते बघा. समजा सर्वांत स्वस्त वस्तूची किंमत १ धरली आणि बाकीच्या १.२, १.५, १.६, १.९, मग ३, ३.२, ३.५, ४, मग ७, ८, ९ अशा आल्या. इथे १.९ आणि ३ च्या मध्ये एक फट आहे, ४ आणि ७ च्या मध्ये दुसरी. टप्पे तिथेच पडतात: २ पर्यंत, २ ते ५, आणि ५ च्या पुढे. हाच हिशोब कोणी १.५ आणि ३.२ वर तोडला असता, तर जवळजवळ एकाच किमतीच्या वस्तू दोन टप्प्यांत विभागल्या गेल्या असत्या, आणि पुढच्या महिन्यात एखादी किंमत थोडी वाढताच कॅप्शन खोटं पडलं असतं. फटीत पडलेली सीमा किंमत थोडी हलली तरी टिकते. म्हणूनच कॅप्शनमध्ये प्रत्येक वस्तूची नेमकी किंमत न देता टप्पा द्यावा. फोटो वर्षभर फिरत राहतो, किंमत तेवढा काळ टिकत नाही. टप्पे तीनच ठेवा. चौथा आला की कोणती खूण कोणत्या टप्प्याची, हे वाचणाऱ्याला पुन्हा पुन्हा शोधावं लागतं. आणि बॅटरी वेगळी घ्यावी लागत असेल तर तिची किंमत धरून टप्पा ठरवा. भेट घेऊन गेल्यावर वाढदिवसाच्या संध्याकाळी खेळणं चालूच होत नाही, हे कोणत्याच घरात होऊ नये.

वय आधी आणि किंमत नंतर, हा क्रम बदलू नका. 'इतक्या पैशांत भेटी' अशी सुरुवात केली की लोक आधी रक्कम धरतात आणि वय तिच्यात बसवायला बघतात. मला याची खरी काळजी सर्वांत खालच्या टप्प्यात वाटते. छोटे चेंडू, फुगे, चुंबकाचे तुकडे, दिवा लागणारी किरकोळ खेळणी ही सगळी तिथेच गोळा होतात. त्यांतली कितीतरी डब्याशिवाय सुटी विकली जातात, म्हणजे ज्यावर सूचना असायची तो डबाच नसतो. दिवा लागणाऱ्या खेळण्यांत बहुधा नाण्यासारखी चपटी बॅटरी असते. ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. बॅटरीचं झाकण स्क्रूने किंवा तितक्याच पक्क्या रीतीने बंद असायला हवं, नखाने उघडता कामा नये. दोन चुंबक गिळले गेले तर ते आतड्याच्या दोन वेटोळ्यांमधून एकमेकांना ओढतात. तेव्हा माझा नियम असा: पहिल्या-दुसऱ्या वाढदिवसाच्या ओळीत डबा किंवा लेबल नसलेली एकही वस्तू घ्यायची नाही, मग खालचा टप्पा त्या ओळीत रिकामा राहिला तरी चालेल. टप्पा भरण्यासाठी वस्तू शोधायची नसते.

हे सगळं धरून कॅप्शन साधारण असं होईल. रकमा तुमच्या तुम्ही भरा.

> कितवा वाढदिवस? तिथून भेट निवडा.
> पहिला-दुसरा: कापडी पुस्तक ●, रचायचे मोठे ठोकळे ●●, ढकलत चालायची गाडी ●●●
> तिसरा ते पाचवा: जाड तुकड्यांचं चित्रकोडं ●, मणी ओवायचा संच ●● (लहान भाग आहेत, ३ वर्षं पूर्ण होण्याआधी देऊ नका)
> सहावा-सातवा: पटावरचा खेळ ●, बारीक ठोकळ्यांचा संच ●● (लहान भाग, ३ वर्षांखालच्या भावंडापासून दूर ठेवा)
> आठवा आणि पुढे: पत्त्यांचा खेळ ●, विज्ञानाचा प्रयोगसंच ●●● (मोठ्यांच्या देखरेखीखाली)
> ● ___ पर्यंत, ●● ___ ते ___, ●●● ___ च्या पुढे. बॅटरी लागत असल्यास तिच्यासह.
> प्रत्येक डब्यावर सुरक्षाचिन्ह आणि वय छापलेलं आहे. घेताना पाहून घ्या.

यात भावंडाचा उल्लेख मुद्दाम केला आहे. सात वर्षांच्या मुलाला दिलेला संच जमिनीवरच उघडला जातो आणि तिथेच दीड वर्षाची बहीण रांगत असते. भेट आणणाऱ्या पाहुण्याला हे सुचत नाही, कारण त्याच्या डोक्यात ज्याचा वाढदिवस आहे तोच असतो.

लांबीची चिंता फारशी करू नका. इन्स्टाग्रामवर कॅप्शनला २२०० अक्षरांची मर्यादा आहे आणि हे तिच्या कितीतरी आत बसतं. देवनागरीत काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, 'खेळणी' या शब्दाची पाच अक्षरं धरली जातात, तरीसुद्धा. मुद्दा वेगळाच आहे. 'अधिक' दाबण्याआधी पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात. ती जागा शुभेच्छा, फुलं आणि दुकानाचं नाव यांत घालवू नका. 'कितवा वाढदिवस?' हा प्रश्न तिथे असला की वाचणारा आपल्या ओळीपर्यंत स्वतःच जातो.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. लोक फोटो जतन करून पुढे पाठवतात आणि कॅप्शन मागे राहतं. कुटुंबाच्या ग्रुपवर पोहोचतो तो नुसता फोटो. म्हणून वाढदिवसाचा गट आणि 'लहान भाग' हे शब्द फोटोवरही, त्या त्या खेळण्याशेजारी असू द्या. उलट बाजूने, फक्त फोटोवर लिहून कॅप्शनमध्ये गाळणंही चालत नाही, कारण ज्यांना मोबाइल मजकूर वाचून दाखवतो त्यांच्यापर्यंत फोटोवरची अक्षरं पोहोचतीलच असं नाही.

पाठवण्याआधी यादीतली प्रत्येक वस्तू शेल्फवरून खाली उतरवा. पुरवठादाराच्या कॅटलॉगवरून तपासू नका, कारण तोच संच नव्या खेपेत वेगळ्या सूचनेसह येऊ शकतो. एकाने डब्यावरचं वय आणि सूचना मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने कॅप्शनमधल्या ओळीवर बोट ठेवायचं. डबा आणि ओळ यांत फरक निघाला तर डब्यावरचं धरा. दुकानात नवी खेप आली की तेवढ्या वस्तूंपुरतं हे पुन्हा करा. पंधरा-वीस वस्तूंना अर्धा तास पुरतो.